निद्रापूर्व हर्बल चहा

निद्रापूर्व हर्बल चहा म्हणजे शांत झोप लागावी या हेतूने, झोपण्याच्या थोडे आधी घेतले जाणारे फुलांचे, पानांचे किंवा मुळांचे गरम पेय होय. यात चहाच्या झुडपाची पाने नसतात, त्यामुळे कॅफीनही नसते. युरोपात यासाठी कॅमोमाइलची फुले प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात गवती चहाचा काढा आणि जायफळ घातलेले दूध घेण्याची रीत आहे. झोप वनस्पतीमुळे लागते की पेय घेण्याच्या परिपाठामुळे, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

कॅमोमाइल

कॅमोमाइल (मॅट्रिकारिया कॅमोमिला) ही शेवंतीच्या कुळातील वनस्पती आहे. युनानी वैद्यकात ती बाबूना या नावाने ओळखली जाते. दोन-तीन ग्रॅम सुकी फुले कपभर उकळत्या पाण्यात टाकून, वर झाकण ठेवून पाच ते दहा मिनिटे मुरू देतात. झाकण न ठेवल्यास सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. फुलांतील एपिजेनिन हे द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहींवर झोपेची काही औषधे कार्य करतात त्यांना जोडले जाते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु कपभर चहातून मिळणारी मात्रा तेवढा परिणाम करण्यास पुरेशी असते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

तैवानमध्ये झोप नीट न लागणाऱ्या ८० बाळंतिणींवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन आठवडे कॅमोमाइल चहा घेणाऱ्या गटाच्या झोपेच्या काही तक्रारी कमी झाल्या, पण चहा थांबल्यावर चौथ्या आठवड्यापर्यंत दोन्ही गट सारखे झाले. या अभ्यासात दुसऱ्या गटाला कोणतेच पेय दिलेले नव्हते. त्यामुळे फरक फुलांमुळे पडला की रोज शांतपणे बसून गरम पेय घेण्यामुळे, हे त्यातून कळत नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ३४ रुग्णांच्या छोट्या चाचणीत कॅमोमाइल कॅप्सूलमधून दिले गेले, म्हणजे पेयाचा परिपाठ वगळला गेला. तेथे झोपेत ठळक फरक दिसला नाही. इराणमधील वृद्धांवरील २०१७ च्या अभ्यासात मात्र कॅप्सूल घेणाऱ्यांची झोप सुधारल्याचे आढळले. म्हणून कॅमोमाइल निरुपयोगी आहे, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

गवती चहाची परीक्षा

नाशिकमध्ये गवती चहा परसात किंवा कुंडीत लावतात आणि भाजीबाजारात त्याच्या जुड्या मिळतात. पाती कापून पाण्यात उकळल्यावर येणारा लिंबासारखा वास मुख्यतः सिट्रल या द्रव्याचा असतो. हीच वनस्पती ब्राझीलमध्येही झोपेसाठी घेतली जाते. तेथे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५० व्यक्तींना गवती चहा आणि निष्क्रिय नमुना (प्लासिबो) देण्यात आला. कोणता नमुना कोणता, हे घेणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना ठाऊक नव्हते. झोप लागणे, झोपेची प्रत आणि मध्येच जाग येणे यांपैकी कशातही दोहोंत फरक आढळला नाही. पेय घेण्याची कृती दोन्हीकडे समान ठेवल्यावर पातीचा वेगळा प्रभाव उरला नाही.

परिपाठाचा वाटा

जायफळाचे उदाहरण येथे बोलके आहे. कोजागरीला जायफळ-केशर घातलेले आटीव दूध पिऊन लोक मध्यरात्रीपर्यंत जागतात. तेच दूध एरवी अंथरुणावर जाण्यापूर्वी घेतले की झोपेचे मानले जाते. चिमूटभर जायफळ दोन्ही वेळी सारखेच असते, बदलतो तो प्रसंग आणि मनाची अपेक्षा.

परिपाठात काही प्रत्यक्ष कारणेही असतात. रात्रीच्या साध्या चहाऐवजी काढा घेतल्यास कॅफीन टळते. कॅफीनचा परिणाम अनेक तास टिकतो. २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्यापूर्वी सहा तास घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम मात्रेनेही झोप तासाभराहून अधिक घटली होती. शिवाय पाणी उकळणे, ते निवण्याची वाट पाहणे, दिवा मंद करणे ही कामे रोज त्याच क्रमाने झाली की शरीराला झोपेची वेळ ओळखण्याची सवय लागते.

मर्यादा आणि दक्षता

गाजरगवत हे कॅमोमाइलच्याच कुळातील आहे. त्याची किंवा शेवंतीची ॲलर्जी असलेल्यांना कॅमोमाइलने खाज, शिंका वा धाप यांचा त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. जायफळ चमचाभर घेतल्यास विषबाधा होऊ शकते. अंथरुणावर जाताना मोठा पेला प्यायल्यास लघवीसाठी जाग येते, म्हणून लहान कप तासभर आधी घेणे बरे. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, तर तो निद्रानाश हा विकार असू शकतो. अशा वेळी काढे बदलत राहिल्याने उपचार लांबतात. त्यासाठी झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती हा प्रथम पसंतीचा उपाय मानला जातो.