वजा की अधिक? आलेखाला विचारा

महाराष्ट्रात दहावीच्या बीजगणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हा धडा असतो. चुकलेला तास भरून काढायला मुलं एकमेकांना या धड्याच्या वहीतल्या पानांचे फोटो पाठवतात. असंच एक पान घेऊ. वर दोन समीकरणं आहेत आणि खाली आलेख. पहिलं समीकरण स्वच्छ दिसतं: x + 2y = 7. दुसऱ्यात 3x आणि 2y यांच्या मधोमध ट्यूबलाइटची चमक आली आहे. तिथे आडवी रेघ दिसते, पण तिला छेदणारी उभी रेघ होती की नाही ते कळत नाही. म्हणजे समीकरण 3x − 2y = 5 असेल, नाहीतर 3x + 2y = 5.

दोन्ही सोडवून बघू, चुकीच्या समीकरणातून वेडेवाकडे अपूर्णांक येतीलच, असं आपण धरून चालतो. शाळेतल्या गणितांनीच ही सवय लावलेली असते. इथे मात्र ती उपयोगाची नाही. वजा धरून दोन्ही समीकरणांची बेरीज केली की 2y चा लोप होतो, 4x = 12 उरतं आणि उत्तर येतं (3, 2). अधिक धरलं तर दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं; 2x = −2 मिळतं आणि उत्तर येतं (−1, 4). दोन्ही उत्तरं पूर्णांकांत, आणि आपापल्या समीकरणांत घातली तर दोन्ही बरोब्बर बसतात. ताळा जुळला याचा अर्थ आकडेमोड बरोबर आहे, इतकाच. समीकरण बरोबर उतरवलं आहे की नाही, हे ताळा सांगूच शकत नाही.

ते खालचा आलेख सांगतो. x + 2y = 7 मध्ये x वाढला की y कमी व्हावा लागतो, म्हणून ही रेषा डावीकडून उजवीकडे उतरते. 3x + 2y = 5 चीही तीच गत. पण 3x − 2y = 5 मध्ये x वाढला की y लाही वाढावं लागतं, म्हणून ती रेषा चढते. फोटोत एक रेषा उतरती आणि एक चढती दिसत असेल, तर चमकेखाली वजाच आहे. आपल्या पानावर तसंच दिसतं. आता छेदनबिंदूपासून अक्षांपर्यंत घरं मोजा: उजवीकडे तीन, वर दोन.

फोटोतला आलेख पट्टीने मोजायच्या भानगडीत मात्र पडू नये. मोबाइल तिरका धरला तर जवळची घरं मोठी आणि लांबची लहान येतात. सरळ रेषा सरळच राहतात आणि त्यांचा छेदनबिंदूही त्याच घरात राहतो, म्हणून मोजायची ती घरं, सेंटिमीटर नव्हे. तिरक्या फोटोचा खरा धोका समांतर रेषांना आहे. x + 2y = 7 आणि 2x + 4y = 6 यांच्या रेषा कधीच भेटत नाहीत, पण तिरक्या फोटोत त्या रेल्वेच्या रुळांसारख्या पुढे जुळत चालल्यासारख्या दिसतात. अशा वेळी सहगुणकांची गुणोत्तरं पाहावीत. x च्या आणि y च्या सहगुणकांचं गुणोत्तर 1 : 2, पण 7 आणि 6 चं तसं नाही, म्हणजे उकल नाही.

चिन्ह ठरलं, आता दुसरी रीत. पहिल्या समीकरणातून x = 7 − 2y घ्या आणि दुसऱ्यात ठेवा: 3(7 − 2y) − 2y = 5. कंस सोडवला की 21 − 8y = 5, म्हणून y = 2 आणि x = 3. हमखास घसरायची जागा म्हणजे हा कंस. तीनने फक्त सातला गुणलं आणि 2y तसाच ठेवला, तर 21 − 4y = 5 होतं आणि y = 4, x = −1 येतं. गंमत म्हणजे हेच मघाचं ‘अधिक’वालं उत्तर! ते पहिल्या समीकरणात घालून पाहा: −1 + 8 = 7, अगदी चोख. चोख असणारच, कारण x ची किंमत त्याच समीकरणातून काढली होती. दुसऱ्यात घातलं की −3 − 8 = −11 येतं, पाच नाही, आणि चूक उघडी पडते. म्हणून ताळा दोन्ही समीकरणांत करायचा.

आलेख स्वतः काढणार असाल तर प्रत्येक रेषेसाठी तीन बिंदू घ्या. पहिलीसाठी (1, 3), (5, 1), (7, 0). दुसरीसाठी (1, −1), (3, 2), (5, 5). कोणत्याही दोन बिंदूंतून रेषा जातेच, त्यामुळे दोनच घेतले तर चूक लपते. तिसरा रेषेवर बसला नाही की कुठेतरी हिशेब चुकला आहे. अर्थात उकल 7/3 सारखी असेल तर आलेखावरून ती अंदाजेच वाचता येते, तिथे लोप पद्धतच खरी.

आणि कुणाला पानाचा फोटो पाठवाल तेव्हा मोबाइल पानाच्या बरोबर वर धरा, शिवणीजवळचा फुगवटा हाताने दाबा, आणि समीकरणांसोबत आलेखही चौकटीत येऊ द्या.