सेकंडहँड गेमिंग पीसी: दोन ठिकाणी नक्की बघा

सेकंडहँड गेमिंग पीसी बघायला गेलो की मी आधी टास्क मॅनेजर उघडतो. Performance मध्ये Memory वर क्लिक केलं की Slots used दिसतं. तिथे 1 of 2 असेल, तर रॅमची एकच पट्टी आहे, म्हणजे सिंगल चॅनल. प्रोसेसरला डेटा निम्म्या वेगाने मिळतो आणि गेम अडखळतो. पण हे स्वस्तातलं दुखणं. तशीच दुसरी पट्टी लावली की भागतं. तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या.

खरी भीती पॉवर सप्लायची. बाजूचं पॅनल काढून त्याचं लेबल वाचा. समजा वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट आहे, पण १२ व्होल्टच्या रकान्यात २५ अँपिअर. गुणाकार केला तर ३०० वॅटच! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही त्यावरच चालतात. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, रायझन ५ ५६०० ला साधारण ७६. उरलेल्या ५४ मध्ये पंखे आणि कार्डचे क्षणिक झटके. डेस्कटॉपवर सगळं छान दिसतं, गेममध्ये मात्र पीसी अचानक बंद पडू शकतो. म्हणून विकणाऱ्यासमोरच अर्धा तास जड गेम चालवा. सप्लाय कंपनीच्या खास आकाराचा असेल, तर बाजारातला साधा त्यात बसत नाही. असा पीसी मी सोडून देतो.