जुने खाते असताना नवे रिकामे खाते का उघडते?

एखाद्या अ‍ॅपमध्ये जुने खाते असूनही ‘Sign in with Apple’ किंवा ‘Sign in with Google’ हे बटण दाबल्यावर कधी कधी नवे, रिकामे खाते उघडते. जुन्या ऑर्डरी, पत्ते, जमा झालेले पॉइंट यांपैकी काहीच दिसत नाही. जुने खाते मात्र शाबूत असते. दोन्ही खाती एकाच माणसाची आहेत, हे अ‍ॅपला ओळखता आलेले नसते.

बटण दाबल्यावर अ‍ॅपल किंवा गूगल त्या व्यक्तीची ओळख तपासते आणि अ‍ॅपला एक कायमचा ओळख-क्रमांक व बहुधा ईमेल पत्ता कळवते. अ‍ॅप आधी तो क्रमांक आपल्या नोंदींत शोधते. बटण पहिल्यांदाच वापरलेले असेल, तर तो सापडत नाही. मग अनेक अ‍ॅप ईमेल जुळतो का ते पाहतात. तोही जुळला नाही, तर समोरची व्यक्ती नवी आहे असे धरून खाते उघडले जाते.

समजा, खरेदीच्या अ‍ॅपवर कोणी जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड देऊन खाते काढले होते. पुढे आयफोन घेतल्यावर त्याने अ‍ॅपलचे बटण दाबले आणि ‘Hide My Email’ हा पर्याय निवडला. अ‍ॅपलने 2019 मध्ये आणलेल्या या सोयीत खरा ईमेल झाकला जातो आणि अ‍ॅपला `@privaterelay.appleid.com` ने संपणारा पत्ता मिळतो. त्यावर आलेली पत्रे खऱ्या पत्त्यावर पोहोचतात. पण अ‍ॅपच्या लेखी हा पत्ता जीमेलच्या पत्त्याहून वेगळाच असतो.

ईमेल जुळला तरी काही अ‍ॅप खाती आपोआप जोडत नाहीत. पडताळणी ढिली असेल, तर दुसऱ्याच्या ईमेलवर आधीच खाते काढून ठेवणे कोणालाही शक्य असते. खरा मालक नंतर आला आणि दोन्ही खाती जोडली गेली, तर त्याची माहिती त्या भामट्याच्या हाती लागते. म्हणून जोडण्याआधी जुना पासवर्ड किंवा ईमेलवर पाठवलेला कोड मागणे योग्य ठरते.

प्रोफाइलमधला ईमेल पाहिला की घोळ लक्षात येतो. तेथे अनोळखी किंवा वर दिलेल्या प्रकारचा पत्ता असेल, तर उघडलेले खाते नवे आहे. जुन्या ऑर्डरींची पत्रे कोणत्या पत्त्यावर आली होती हे पाहिल्यास जुन्या खात्याचा ईमेल कळतो. मग लॉग आउट करून, बटण न वापरता, त्या ईमेलने आत जावे. पासवर्ड आठवत नसेल तर तो नव्याने ठरवता येतो.

पुढेही बटणच वापरायचे असेल, तर जुन्या खात्याच्या सेटिंगमधून अ‍ॅपलची ओळख जोडावी, अर्थात अ‍ॅपमध्ये तशी सोय असेल तर. ती ओळख रिकाम्या खात्याला आधीच बांधलेली असल्याने अनेकदा नकार मिळतो. अशा वेळी रिकामे खाते अ‍ॅपमधूनच बंद करून मग जोडणी करावी. फोनमधून अ‍ॅप काढून टाकल्याने खाते बंद होत नाही. नव्या खात्यावर खरेदी झाली असेल, तर मात्र ते बंद करण्याआधी ग्राहक सेवेकडून दोन्ही खाती एक करून घ्यावी लागतात.