हप्ता कापला गेला नाही, आता?

‘आपल्या पॉलिसीचा हप्ता खात्यातून वसूल होऊ शकला नाही’ असा मेसेज आला की बहुतेक जण आधी खात्यातली शिल्लक बघतात. पैसे तर असतात, मग बँकेचाच काहीतरी घोळ असणार असं म्हणून मेसेज तसाच राहतो. पण शिल्लक असूनही ऑटो-डेबिट फसू शकतं. मँडेट देताना त्यात कमाल रकमेची मर्यादा घातलेली असते. आरोग्य विम्याचा हप्ता वयाबरोबर वाढतो आणि एके वर्षी ती मर्यादा ओलांडतो. मग बँक वसुलीची मागणी परत पाठवते.

समजा, वार्षिक आरोग्य पॉलिसी १० जूनच्या मध्यरात्री संपली. मँडेटची मर्यादा २५,००० रुपये आणि यंदाचा हप्ता २६,४००. मेसेज ११ तारखेला आला. वार्षिक हप्त्याला ग्रेस पिरियड ३० दिवसांचा, म्हणजे १० जुलैपर्यंत. (मासिक हप्त्याला तो १५ दिवसांचाच असतो.) महिनाभर वेळ आहे म्हणून निवांत राहिलात आणि १८ जूनला दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर २० तारखेला हप्ता भरूनही त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. आयुर्विम्याचं तसं नाही. तिथे ग्रेस पिरियडमध्ये मृत्यू झाला तरी थकलेला हप्ता वजा करून रक्कम मिळते. हप्त्याहप्त्याने भरलेल्या आरोग्य विम्यातही त्या काळात संरक्षण चालू असतं. वर्षाचा हप्ता एकरकमी भरणाऱ्याला मात्र ग्रेस पिरियड फक्त पॉलिसीचं सातत्य टिकवून देतो.

हे सातत्यही काही कमी मोलाचं नाही. मधुमेह, रक्तदाब अशा आधीपासूनच्या आजारांना कमाल तीन वर्षांची प्रतीक्षा असू शकते. १० जुलैच्या आत पैसे भरले तर झालेली वर्षं धरली जातात. त्यानंतर गेलात तर कंपनी तुम्हाला नव्या ग्राहकासारखं तपासू शकते.

म्हणून मँडेट दुरुस्त होण्याची वाट बघू नये, त्याला दिवस लागतात. त्याच दिवशी हप्ता स्वतः भरून टाकावा. मेसेजमधल्या लिंकवरून मात्र नको, कारण असे बनावट मेसेज सर्रास फिरतात. कंपनीचं संकेतस्थळ स्वतः उघडावं किंवा जुन्या पॉलिसीवरच्या नंबरवर फोन करावा, आणि तिथेच विचारून घ्यावं की ऑटो-डेबिट पुन्हा लावणार आहात का. नाहीतर हप्ता दोनदा कापला जातो आणि परताव्यासाठी पाठपुरावा करावा लागतो.

पैसे खात्यातून गेले म्हणजे पॉलिसी सुरू झालीच असं धरू नये. नूतनीकरणाचा कागद हाती आला की त्यावरची मुदत आणि घरातल्या सगळ्यांची नावं वाचावीत. नवं मँडेट देताना मर्यादा यंदाच्या हप्त्याइतकीच न ठेवता पुढच्या काही वर्षांची वाढ त्यात मावेल एवढी ठेवावी.