फोटो ५० केबीत बसत नाही? आधी पिक्सेल कमी करा, मग क्वालिटी. समजून घ्या सोपी पद्धत

पुनावळे : समजा, पुनावळ्यातील एक उमेदवार मोबाईलवरून बँक भरतीचा अर्ज भरत आहे. सगळी माहिती भरून झाली, पण फोटोपाशी गाडी अडली. मोबाईलने काढलेला फोटो साडेतीन एमबीचा आणि अर्जात मर्यादा ५० केबीची. ॲपमध्ये क्वालिटी कमी करत नेली तर चेहरा ओळखू येईना. मग करायचे काय?

बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांनुसार फोटो २० ते ५० केबीचा आणि सही १० ते २० केबीची लागते. फोटोसाठी २०० बाय २३० आणि सहीसाठी १४० बाय ६० पिक्सेल हे माप ‘प्राधान्याने’ सांगितलेले आहे. म्हणजे कमाल मर्यादा आहे तशी किमान मर्यादाही आहे. फोटो अस्पष्ट असेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो.

आधी पिक्सेल

१२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो साधारण ३००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास ठिपक्यांचा असतो. एवढे ठिपके तसेच ठेवून फाइल ५० केबीत कोंबली, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला जवळपास काहीच उरत नाही. म्हणून आधी चेहरा आणि खांदे येतील एवढाच भाग क्रॉप करा. मग त्याच प्रमाणात माप लहान करा, उदाहरणार्थ ६०० बाय ६९०.

क्वालिटीचा आकडा आधी का सांगता येत नाही?

जेपीजी फाइल तयार होताना फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात. क्वालिटी जितकी कमी, तितके त्या चौकोनांतले बारीक तपशील जास्त गाळले जातात. मागे पांढरी भिंत असेल तर गाळायला फारसे काही नसते आणि फाइल आपोआप लहान होते. चौकड्यांचा शर्ट, मागची झाडे किंवा अंधुक उजेडामुळे आलेले दाणे असतील तर त्याच क्वालिटीला फाइल मोठी होते. त्यामुळे अमुक क्वालिटीला अमुक केबी असे गणित मांडता येत नाही. करून पाहावेच लागते.

मधला आकडा घ्या

एकेक आकडा खाली उतरण्यापेक्षा दर वेळी मधला आकडा घेणे सोपे. उदाहरणादाखल, ९० क्वालिटीला फाइल १०३ केबी झाली आणि ५० ला ३८ केबी. म्हणजे उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे. आता ७० घ्या : ५२ केबी, थोडी जास्त. ५० आणि ७० च्या मधला ६० घ्या : ४४ केबी, बसते. ६० आणि ७० च्या मधला ६५ : ४८ केबी. इथे थांबा. पाच प्रयत्नांत काम झाले. १ ते १०० मधला कोणताही आकडा या पद्धतीने जास्तीत जास्त सात प्रयत्नांत सापडतो.

अगदी ५० वर नेऊ नका. काही ठिकाणी एक केबी म्हणजे १००० बाइट, तर काही ठिकाणी १०२४ बाइट धरतात. ४८ केबीची फाइल दोन्हीकडे चालते.

क्वालिटी बदलून पाहण्यासाठी ब्राउझरमध्ये squoosh.app उघडता येते. तिथे माप आणि क्वालिटी दोन्ही बदलता येतात आणि फोटोवरची प्रक्रिया तुमच्या मोबाईलमध्येच होते. सही आणि फोटो अनोळखी वेबसाइटवर टाकावे लागत नाहीत.

इथे चुकते

प्रत्येक प्रयत्न मूळ फोटोवरूनच करा. आधी लहान केलेली फाइल पुन्हा लहान केली की गाळलेले परत येत नाही, उलट आणखी गाळले जाते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रतही आधीच दाबलेली असते. ती डॉक्युमेंट म्हणून मागवा.

सहीच्या बाबतीत अडचण नेमकी उलटी असते. १४० बाय ६० पिक्सेलची सही अजिबात न दाबताही सुमारे २५ केबीचीच असते. त्यामुळे जेपीजी केली की ती अनेकदा १० केबीच्या खाली जाते आणि ‘फाइल लहान आहे’ असा संदेश येतो. अशा वेळी मूळ फोटोवरून माप दुप्पट, म्हणजे २८० बाय १२० करून पुन्हा मधला आकडा शोधा.

अपलोड करण्याआधी फाइल झूम करून पाहा. डोळ्यांच्या आसपास चौकोन दिसत असतील किंवा सहीच्या रेषांभोवती राखाडी डाग असतील, तर क्वालिटी फार खाली गेली आहे. मग क्वालिटी वाढवा आणि पिक्सेल थोडे कमी करा. लहान पण स्वच्छ फोटो चालतो. मोठा पण फुटलेला चालत नाही.