तपासणाराही तोच, सल्ला देणाराही तोच

५ फेब्रुवारी २००१ रोजी आर्थर अँडरसन या अमेरिकी ऑडिट फर्मचे १४ भागीदार चर्चेला बसले. काही प्रत्यक्ष हजर होते, काही फोनवर. एन्रॉन या क्लायंटचं काम पुढे चालू ठेवायचं की सोडायचं, हा विषय होता. मराठी माणसाला एन्रॉन म्हटलं की दाभोळ आठवतं. पण ही कंपनी कोसळली ती ह्यूस्टनमधल्या मुख्यालयातल्या हिशेबांमुळे. त्या हिशेबांतली जोखीम बैठकीतल्या लोकांना ठाऊक होती. कंपनीचे वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टॉव्ह स्वतःच एक वेगळी भागीदारी चालवत होते आणि एन्रॉन तिच्याशीच व्यवहार करत होती, यावरही बोलणं झालं. दुसऱ्या दिवशीच्या ईमेलमध्ये आणखी एक नोंद आहे: या क्लायंटकडून मिळणारी फी वर्षाला १० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकते. क्लायंट ठेवायचा, असं ठरलं. त्याच वर्षी २ डिसेंबरला एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आदल्या वर्षी, म्हणजे २००० मध्ये, अँडरसनला एन्रॉनकडून ५.२ कोटी डॉलर मिळाले होते. त्यातले २.५ कोटी ऑडिटचे आणि २.७ कोटी सल्ल्याचे व इतर कामांचे. ऑडिटर नेमला जातो भागधारकांसाठी. व्यवस्थापनाने मांडलेला हिशेब खरा आणि रास्त आहे की नाही, हे त्याने त्यांना सांगायचं असतं. सल्लागार मात्र व्यवस्थापनाचा माणूस असतो आणि व्यवस्थापन खूश राहिलं तरच त्याला पुढचं काम मिळतं. एकाच फर्मने दोन्ही टोप्या घातल्या की व्यवस्थापनाला नाही म्हणण्याची किंमत ऑडिटच्या फीपुरती उरत नाही.

पैशाच्या या ओढीपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त घातक वाटते. ती म्हणजे आपणच दिलेला सल्ला आपणच तपासणं. एन्रॉनच्या संचालक मंडळाने नेमलेल्या समितीचा अहवाल फेब्रुवारी २००२ मध्ये आला. फास्टॉव्ह यांची एलजेएम आणि च्यूको नावाची संस्था यांच्या व्यवहारांवरच्या सल्ल्यासाठी अँडरसनने नेहमीच्या ऑडिट फीव्यतिरिक्त ५७ लाख डॉलर आकारले होते, असं त्यात नमूद आहे. म्हणजे ज्या रचनांवर फर्मने आधी मत दिलं, त्याच रचना वर्षअखेरीला तटस्थ नजरेने तपासायच्या होत्या.

च्यूकोचं प्रकरण समजायला सोपं आहे. एन्रॉनचा एका भागीदारीत मोठा हिस्सा होता. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या गुंतवणूकदाराचा वाटा घ्यायला १९९७ मध्ये च्यूको उभी केली गेली. किंमत होती ३८.३ कोटी डॉलर. त्या काळच्या नियमानुसार अशा संस्थेत किमान ३ टक्के भांडवल बाहेरच्या कुणाचं आणि खरोखर जोखमीत असलं, तर तिचं कर्ज एन्रॉनच्या ताळेबंदाबाहेर ठेवता येत होतं. कागदावर १.१४ कोटी डॉलरचं बाहेरचं भांडवल दिसत होतं, म्हणजे जेमतेम ३ टक्के. पण त्यातल्या ६६ लाख डॉलरमागे हमी म्हणून रोख रक्कम ठेवली गेली होती आणि ती एन्रॉनच्याच बाजूने आली होती. ज्या पैशाला अशी हमी आहे तो जोखमीत कसला? ३ टक्क्यांची अट मोडली, की सगळं कर्ज परत एन्रॉनच्या वहीत येतं. नोव्हेंबर २००१ मध्ये नेमकं तेच झालं आणि कंपनीला १९९७ पासूनचे हिशेब नव्याने मांडावे लागले. अँडरसनचं म्हणणं होतं की हमीची ही बाजू आपल्याला सांगितलीच गेली नव्हती. ते खरं धरलं, तरी अवघ्या ३ टक्क्यांवर उभ्या असलेल्या रचनेत ते भांडवल कुठून आलं, हाच ऑडिटरचा पहिला प्रश्न असायला हवा होता.

त्याच वर्षाचं दुसरं प्रकरण अँडरसनला पूर्ण माहीत होतं. १९९७ च्या हिशेबात ५.१ कोटी डॉलरच्या दुरुस्त्या कराव्यात, असं तिने स्वतःच सुचवलं. एन्रॉनने नकार दिला आणि अँडरसनने रक्कम फार मोठी नाही म्हणून सही केली. त्या वर्षी कंपनीचा निव्वळ नफा होता १०.५ कोटी. म्हणजे जवळजवळ निम्मा नफा ‘फार मोठा नाही’ ठरला. कारण असं दिलं गेलं, की ते वर्ष नेहमीसारखं नव्हतं, म्हणून तुलना सर्वसाधारण वर्षाच्या नफ्याशी केली आणि तसं पाहिलं तर रक्कम ८ टक्क्यांपेक्षा कमी भरते. हिशेबतज्ज्ञाला अशी मोजपट्टी निवडायला वाव असतो, आणि हितसंबंध नेमके तिथेच काम करतात. त्यासाठी कुणी लाच द्यावी लागत नाही.

अँडरसनचं जगभरचं उत्पन्न त्या काळात वर्षाला सुमारे ९३० कोटी डॉलर होतं. त्यात एन्रॉनचे ५.२ कोटी म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडे जास्त. एवढ्यासाठी कोण आपलं नाव पणाला लावेल, असा बचाव ऑडिट फर्म नेहमी करतात. पण फर्म सही करत नाही, भागीदार करतो. एन्रॉनचं काम पाहणारे डेव्हिड डंकन यांच्या दृष्टीने आणि ह्यूस्टन कार्यालयाच्या दृष्टीने हा क्लायंट अर्धा टक्का नव्हता, फार मोठा होता. शिवाय एन्रॉनचे मुख्य हिशेब अधिकारी रिचर्ड कॉझी हे पूर्वाश्रमीचे अँडरसनवालेच. फर्मच्या अंतर्गत तज्ज्ञ गटातले कार्ल बॅस एन्रॉनच्या हिशेबपद्धतींवर सतत आक्षेप घेत. एन्रॉनने तक्रार केली आणि मार्च २००१ मध्ये त्यांना या क्लायंटच्या कामातून बाजूला केलं गेलं.

पुढे कागदपत्रं नष्ट केल्याच्या खटल्यात जून २००२ मध्ये अँडरसन दोषी ठरली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण तोवर फर्म संपली होती. जुलै २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने अमेरिकेत ऑडिट क्लायंटला हिशेब लिहून देणं, अंतर्गत ऑडिट करणं अशा अनेक सेवांवर बंदी आली. अंतर्गत ऑडिटवरची बंदी बोलकी आहे, कारण एन्रॉनचं तेही काम अँडरसनकडेच होतं.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १४४ हेच काम करतं. हिशेबलेखन, अंतर्गत ऑडिट, वित्तीय माहितीप्रणालीची उभारणी, गुंतवणूक सल्ला, व्यवस्थापन सेवा यांसारखी कामं ऑडिटरला त्या कंपनीसाठी, तिच्या पालक कंपनीसाठी किंवा उपकंपनीसाठी करता येत नाहीत. तोच ब्रँड वापरणाऱ्या दुसऱ्या संस्थेमार्फतही नाही. फटी मात्र आहेत. ‘व्यवस्थापन सेवा’ म्हणजे नेमकं काय, हे कलमात सांगितलेलं नाही. करसल्ला बंदीच्या यादीत नाही. एकाच पालक कंपनीच्या दुसऱ्या उपकंपनीचा, म्हणजे भगिनी कंपनीचा, उल्लेख नाही. आणि सल्ल्याची फी पूर्ण थांबवली तरी ऑडिटची फी व्यवस्थापनाच्या हातूनच येते. एन्रॉनमध्ये ती एकटीच २.५ कोटी डॉलर होती. ते मिंधेपण कोणत्याही बंदीने जात नाही.

ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांना हे घरबसल्या तपासता येतं. कंपनीच्या वार्षिक अहवालात, हिशेबांच्या टिपांमध्ये, ऑडिटरला दिलेल्या रकमेची नोंद असते: ऑडिटसाठी किती, करविषयक कामासाठी किती, इतर सेवांसाठी किती. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण ती नोंद त्या एका कंपनीने दिलेल्या रकमेची असते. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीच्या अहवालात कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा भाग असतो. कंपनी आणि तिच्या सगळ्या उपकंपन्यांनी मिळून ऑडिटरला आणि त्याच्या नेटवर्कमधल्या सर्व संस्थांना दिलेली एकूण फी तिथे द्यावी लागते. हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. दुसरा पहिल्याच्या कितीतरी पट असेल, तर मधला फरक उपकंपन्यांच्या ऑडिटचा आहे की नेटवर्कमधल्या संस्थांच्या दुसऱ्याच कुठल्या सेवांचा, हे वार्षिक सभेत विचारता येतं. ऑडिटरच्या नेमणुकीवर मतदान भागधारकच करतात.