निवाड्यांच्या यादीचा तक्ता

राज्यशास्त्राच्या तासाला घटनादुरुस्तीचा भाग सुरू झाला, की फळ्यावर एक यादी येते. आमच्या वर्गातही ती आली आणि सर्वांच्या वह्यांत उतरली. ती अशी: शंकरीप्रसाद (१९५१), घटनादुरुस्ती वैध. सज्जनसिंग (१९६५), घटनादुरुस्ती वैध. गोलकनाथ (१९६७), संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत. केशवानंद भारती (१९७३), गोलकनाथचा निर्णय रद्द, मूलभूत चौकटीचा सिद्धान्त. मिनर्व्हा मिल्स (१९८०), बेचाळिसाव्या दुरुस्तीचा काही भाग अवैध.

यादी बरोबर आहे, पाठही लवकर होते. परंतु परीक्षेत प्रश्न येतो तो असा: 'घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका कशी बदलत गेली?' आणि येथे यादी लंगडी पडते. कारण तिच्यातील पाच ओळी पाच निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिल्या दोन ओळी खटल्याचा शेवट सांगतात. तिसरी तत्त्व सांगते, शेवट सांगत नाही. चौथी आधीच्या निर्णयाचे काय झाले ते सांगते. ज्यांना एकच प्रश्न विचारलेला नाही, त्यांची तुलना करावयाची कशी? म्हणून यादीचा तक्ता करावयाचा झाल्यास आधी रकाने ठरवले पाहिजेत. आणि रकाना म्हणजे सर्व निवाड्यांना सारखाच विचारलेला एक प्रश्न.

हे प्रश्न मनाने काढण्याची गरज नाही. वादी आणि प्रतिवादी कशावर भांडत होते हे पाहिले की ते सापडतात. राज्यघटनेच्या कलम १३(२) मध्ये म्हटले आहे, की मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा राज्यसंस्थेने करू नये. कलम ३६८ मध्ये घटना दुरुस्त कशी करावी ते सांगितले आहे. सगळा वाद या दोन कलमांच्या मधल्या जागेत उभा राहिला: घटनादुरुस्ती हाही १३(२) मधील 'कायदा'च समजावयाचा काय? 'होय' म्हटले तर दुरुस्तीने हक्कांना हात लावता येत नाही. 'नाही' म्हटले तर लावता येतो. मग तो कोठवर, हा पुढचा प्रश्न. आणि शेवटी, ज्या दुरुस्तीविरुद्ध तक्रार होती ती राहिली की गेली? हे झाले तीन मुख्य रकाने. त्यांच्या आधी वर्ष, न्यायाधीशांची संख्या आणि वादातील दुरुस्ती एवढे घेतले की पुरे. फूलस्केप कागद आडवा धरला तर हे सर्व एका पानावर बसते.

भरताना मात्र आडवे भरू नये, उभे भरावे. म्हणजे एक निवाडा घेऊन त्याचे सगळे रकाने पुरे करण्याऐवजी एक प्रश्न घ्यावा आणि तो पाचही निवाड्यांना ओळीने विचारावा. आडवे भरताना आपण वहीतील वाक्येच इकडून तिकडे हलवीत बसतो. उभे भरताना कोठे उत्तर मिळत नाही हे चटकन दिसते, आणि तेवढ्यापुरते पुस्तक उघडले की भागते. भरून झाल्यावर माझा तक्ता असा दिसला:

| निवाडा | न्यायाधीश | वादातील दुरुस्ती | दुरुस्ती हा १३(२) मधील 'कायदा' आहे काय? | मूलभूत हक्कांना हात लावता येतो काय? | दुरुस्तीचे काय झाले? |
|---|---|---|---|---|---|
| शंकरीप्रसाद, १९५१ | ५ (एकमत) | पहिली | नाही | होय | राहिली |
| सज्जनसिंग, १९६५ | ५ (दोघांच्या शंका) | सतरावी | नाही | होय | राहिली |
| गोलकनाथ, १९६७ | ११ (६ विरुद्ध ५) | पहिली, चौथी, सतरावी | होय | नाही | तिन्ही राहिल्या |
| केशवानंद, १९७३ | १३ (७ विरुद्ध ६) | चोविसावी, पंचविसावी, एकोणतिसावी | नाही | होय, पण मूलभूत चौकट मोडता येत नाही | राहिल्या. पंचविसावीचा एक तुकडा गेला |
| मिनर्व्हा मिल्स, १९८० | ५ | बेचाळिसावी | — | केशवानंदप्रमाणेच | दोन तरतुदी गेल्या |

आता तिसर्‍या ओळीकडे पाहावे. यादीत गोलकनाथपुढे 'हक्क कमी करता येणार नाहीत' एवढेच होते. त्यावरून कोणीही समजेल, की त्या दुरुस्त्या रद्द झाल्या. शेवटच्या रकान्यात तर 'राहिल्या' असे आहे. तत्त्व आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका ओळीत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कोठे दिसत नाही. गोलकनाथ कुटुंबाची जालंदरकडे पाचशे एकरांहून अधिक जमीन होती आणि पंजाबच्या १९५३ च्या कायद्याने तिच्यावर मर्यादा आली होती. त्या कायद्याला सतराव्या दुरुस्तीचे संरक्षण होते. सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी बहुमताच्या वतीने सांगितले, की संसदेला असा अधिकार नाही. परंतु हा नियम आजपासून पुढे लागू होईल, झालेल्या दुरुस्त्या उलथवल्या जाणार नाहीत. म्हणजे कुटुंब मुद्द्यात जिंकले आणि याचिकेत हरले.

या ओळीपाशी मी इतका रेंगाळतो याला कारण आहे. आमच्या घराचा सातबारा पणजोबांच्या नावे झाला तो कूळ कायद्याने. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८, हा पहिल्या घटनादुरुस्तीने निर्माण झालेल्या नवव्या अनुसूचीत दुसर्‍याच क्रमांकावर आहे. वडिलांना मी गोलकनाथची गोष्ट सांगितली, तेव्हा ते औत धुवायचे थांबले आणि एवढेच म्हणाले, "मग आपली जमीन कशी काय र्‍हायली रे?" वहीतल्या यादीत याचे उत्तर नव्हते. ते शेवटच्या रकान्यात होते. तेव्हापासून कोणताही तक्ता करताना 'निकाल काय लागला' हा रकाना मी सर्वांत उजवीकडे, स्वतंत्र ठेवतो.

चौथ्या ओळीत दुसरी गंमत आहे. 'गोलकनाथ रद्द' एवढे वाचले, की वाटते आपण पुन्हा १९५१ मध्ये आलो. 'कायदा आहे काय' हा रकाना वरून खाली वाचला तर तसेच दिसते: नाही, नाही, होय, नाही. पण लगेच शेजारचा रकाना वाचा: होय, होय, नाही, आणि मग 'होय, पण'. हा 'पण' १९५१ मध्ये नव्हता. केशवानंदमध्ये न्यायालयाने गोलकनाथचा मार्ग सोडला, तरी संसदेला मोकळे रान दिले नाही. अडवणूक १३(२) मधून काढली आणि ३६८ मधील 'दुरुस्ती' या शब्दातच बसवली: दुरुस्ती म्हणजे मूळ वस्तू कायम ठेवून केलेला बदल. दोन शेजारचे रकाने एकमेकांपासून फुटतात ती जागा म्हणजेच उत्तराचा गाभा, असे मला वाटते. यादीत ती जागा दिसूच शकत नाही.

न्यायाधीशांची संख्या पुष्कळजण शोभेची समजून वगळतात. ५, ५, ११, १३ हे आकडे उभे वाचले तर दिसते, की आधीचा निर्णय फिरवावयाचा तर पीठ मोठे बसवावे लागते. मग मिनर्व्हा मिल्सला पुन्हा पाचच कसे? कारण तेथे केशवानंदचा नियम बदलावयाचा नव्हता, तो लावावयाचा होता. त्याच ओळीतील आडवी रेघही मुद्दाम आहे. चोविसाव्या दुरुस्तीने १९७१ मध्ये कलम १३ मध्येच लिहून टाकले, की हे कलम घटनादुरुस्तीला लागू नाही. आणि केशवानंदमध्ये ती दुरुस्ती वैध ठरली. त्यामुळे १९८० मध्ये तो प्रश्न उरलाच नव्हता. जेथे प्रश्न उपस्थितच झाला नाही तेथे रेघ ओढावी. रकाना रिकामा दिसतो म्हणून 'नाही' लिहिले, तर न्यायालयाने जे म्हटलेच नाही ते आपण त्याच्या तोंडी घालतो.

सज्जनसिंगपुढे 'दोघांच्या शंका' असे आहे. निकालाशी पाचही न्यायमूर्ती सहमत होते. बहुमताचा निवाडा सातार्‍याचे सुपुत्र सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांचा. परंतु न्या. हिदायतुल्ला आणि न्या. मुधोळकर यांनी स्वतंत्र मते लिहिली, आणि घटनेच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल केला तर ती दुरुस्ती ठरेल की घटनेचा एक भाग नव्याने लिहिणे ठरेल, अशी शंका मुधोळकरांनी घेतली. पुढे नऊ वर्षांनी जे आले त्याचे बी येथे आहे. वर्षाबद्दलही एक सूचना: हा निकाल ऑक्टोबर १९६४ चा आहे, पण निवाड्यांच्या संग्रहात तो १९६५ च्या खंडात छापला गेला, म्हणून पुस्तकांत १९६५ दिसते. दोन पुस्तकांत दोन वर्षे दिसली तर घाबरू नये. तक्त्यात एकच पद्धत ठेवावी.

तक्त्यात जे मावत नाही ते कोंबू नये. केशवानंदमध्ये अकरा वेगवेगळी निकालपत्रे आहेत आणि मूलभूत चौकटीत काय काय येते याची प्रत्येकाची यादी वेगळी आहे. त्या रकान्यात फक्त बहुमताचा समान धागा लिहावा. कोणी संघराज्य म्हटले, कोणी धर्मनिरपेक्षता, ते पानाच्या मागे. तसेच तक्ता म्हणजे उत्तर नव्हे. परीक्षेत तो कच्च्या पानावर पाच मिनिटांत आखावा आणि एकेका रकान्याचा एकेक परिच्छेद करावा. पहिल्या परिच्छेदात 'कायदा' शब्दाचा अर्थ १९५१ पासून कसा फिरला, दुसर्‍यात हक्कांवरील अधिकार आणि त्याची मर्यादा, तिसर्‍यात प्रत्यक्ष निकाल. निवाडावार लिहिणारा विद्यार्थी पाच गोष्टी सांगतो. रकान्यावार लिहिणार्‍याला 'कशी बदलत गेली' याचे उत्तर द्यावेच लागते.

खाली दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात. एक वामनराव खटल्याची (१९८१), जो आपल्या महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल धारणेच्या कायद्यावरूनच निघाला. त्यात ठरले, की २४ एप्रिल १९७३ पूर्वी, म्हणजे केशवानंदच्या निकालापूर्वी, नवव्या अनुसूचीत गेलेले कायदे सुरक्षित. त्यानंतर गेलेल्यांना मूलभूत चौकटीची कसोटी लागेल. दुसरी कोएल्हो खटल्याची (२००७). नऊ न्यायाधीशांनी एकमताने हीच कसोटी पक्की केली. या दोन ओळी लिहिताना केशवानंदच्या ओळीवर लाल पेन्सिलीने एक जाड रेघ मारून तिच्याशी ती तारीख लिहावी. कूळ कायदा त्या रेघेच्या वरच्या बाजूला येतो, हे मी वडिलांना कागद दाखवूनच सांगितले.